आधारवरच्या तारखेवरून पोराला बाद केलं, अपील कसं करायचं

प्रश्न: आम्ही नागपूरला राहतो. मुलगा आठवीत आहे. जिल्हा असोसिएशनच्या आंतरशालेय अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत (२०२५) १४ वर्षांखालील ६०० मीटरच्या हीटमध्ये पहिला आला. फायनलच्या आधी दुसऱ्या शाळेच्या सरांनी आक्षेप घेतला आणि त्याला बाद केलं, कारण आधारवर ०१/०१/२०११ आहे. अट होती १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतरचा जन्म. जन्म दाखल्यावर ९ फेब्रुवारी २०१२ आहे, काटोलच्या दवाखान्यात झाला, शाळेतही तीच तारीख. आधार कॅम्पमध्ये काढलं होतं. मोठी मुलगी जून २०१० ची आहे. लेखी काही दिलं नाही, आता म्हणून राहिले की बोन टेस्ट करून आणा. जिल्ह्याची टीम दहा दिवसांत जाणार आहे. आधार लगेच दुरुस्त करून घेऊ का? अपील कुठे आणि कसं करायचं?

उत्तर:

ताई, आधार आत्ता दुरुस्त करू नका. अपील दाखल होऊन त्याची पोच हातात आली की मग करा. कारण सांगतो. मी क्रीडा शिक्षक होतो आणि नंतर बरीच वर्षं स्पर्धांच्या अपील समितीवर बसलो, तिथे आईबाप येतात आणि कालच दुरुस्त केलेलं चकाचक आधार टेबलावर ठेवतात, आणि समोरच्या शाळेचे सर लगेच म्हणतात, बघा साहेब, आक्षेप आल्यावर तारीख बदलली. आधारमध्ये कोणती माहिती कधी बदलली याची अपडेट हिस्टरी निघते, त्यामुळे हे लपतही नाही. चूक आधारची असली तरी संशय पोरावर जातो. म्हणून जुनं आधार आहे तसंच जोडायचं आणि अपिलातच सरळ लिहायचं की यावरची तारीख चुकीची आहे, दुरुस्तीचा अर्ज आम्ही या अपिलानंतर करत आहोत. जे आपण स्वतःहून सांगितलं त्यावर समोरच्याला ओरडता येत नाही.

आता पहिलं काम. लेखी आदेश नसेल तर अपील कशाविरुद्ध करणार? मैदानावर माईकवरून नाव काढलं, एवढ्यावर समिती उद्या म्हणू शकते की आम्ही बाद केलंच नव्हतं, कागदपत्रं मागितली होती, शाळेनेच पोराला उतरवलं नाही. असं झालेलं मी पाहिलंय. म्हणून आजच शाळेच्या लेटरहेडवर एक पत्र, असोसिएशनच्या सचिवाच्या नावाने, त्यात तीन गोष्टी मागा: बाद केल्याचा लेखी आदेश आणि तो कोणत्या नियमाखाली, आक्षेपाची प्रत आणि तो किती वाजता दाखल झाला, आणि आक्षेपाची फी भरल्याची पावती. पत्र हाताने देऊन दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या, घेत नसतील तर स्पीड पोस्ट करा आणि त्याच दिवशी ईमेलही टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि ब्लू टिक आली म्हणून थांबू नका. पण आदेश येईस्तोवर अपील अडवूनही ठेवू नका, स्पर्धेच्या माहितीपत्रकात अपिलाची मुदत दिलेली असते आणि ती फार छोटी असते, पत्राची पोच मिळाली की दुसऱ्याच दिवशी "लेखी आदेश अद्याप मिळाला नाही, तो मिळाल्यावर पूरक मुद्दे मांडण्याचा हक्क राखून" असं लिहून अपील देऊन टाका.

पत्र शाळेचं पाहिजे म्हणतो ते उगाच नाही. स्पर्धेची प्रवेशिका शाळेने पाठवली, सही मुख्याध्यापकाची, संघ शाळेचा. असोसिएशनच्या लेखी स्पर्धक शाळा आहे, तुम्ही नाही. नुसत्या पालकाच्या सहीचं अपील "पात्र व्यक्तीने केलेले नाही" म्हणून वाचल्याशिवाय परत येतं. उलट कधी मुख्याध्यापक घाबरतात, की असोसिएशनशी वाकडं कशाला, पुढच्या वर्षी आपल्याच शाळेला त्रास होईल. तेव्हा त्यांना सांगा की सर, आक्षेप पोरावर नाही, तुम्ही साक्षांकित केलेल्या तारखेवर आहे, खोटं ठरलं तर दाखला तुमचा खोटा ठरतो. बहुतेक जण यावर सही करतात. अपिलावर मुख्याध्यापकाची सही आणि खाली पालक म्हणून तुमची, दोन्ही असू द्या.

आता मुख्य भाग, कागद. लोक जाडजूड फाईल घेऊन येतात, त्यात सरपंचाचा दाखला, नगरसेवकाचं पत्र, पोरगा किती गुणी आहे याचं सरांचं प्रमाणपत्र, दहा मेडलचे फोटो. समिती यातलं काही वाचत नाही हो. समिती जन्म दाखला उचलते आणि त्यातली जन्मतारीख पाहायच्या आधी नोंदणीची तारीख पाहते. जन्म दाखल्यावर तीन तारखा असतात, जन्माची, नोंदणीची आणि हा कागद छापून दिल्याची. वय चोरणारे जन्मतारीख पाहिजे तशी करून आणतात, पण त्यासाठी त्यांना नोंदच उशिरा करावी लागते, पोरगा आठ-दहा वर्षांचा झाल्यावर, म्हणजे तो खेळतो हे घरच्यांना कळल्यावर. कायद्याने जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते, त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यापुढे एक वर्षापर्यंत लेखी परवानगी, आणि वर्ष उलटल्यावर मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. म्हणून उशिराची नोंद दिसली की समितीचे कान टवकारतात. काही संघटनांच्या नियमात तर जन्मानंतर किती काळात नोंद झालेली पाहिजे हेही लिहिलेलं असतं.

तुमच्या दाखल्यावर नोंदणीची तारीख काय आहे ते तुम्ही लिहिलं नाही, ते आधी बघा. दवाखान्यात जन्म झाला तर खबर दवाखानाच नगर परिषदेला देतो, त्यामुळे साधारण फेब्रुवारी-मार्च २०१२ ची नोंद असायला पाहिजे. समजा २७ फेब्रुवारी २०१२ आहे. म्हणजे अठराव्या दिवशी. मग तुमची केस अर्धी इथेच झाली, कारण अठरा दिवसांच्या बाळाची तारीख कोणी २०२५ च्या शर्यतीसाठी खोटी लिहीत नाही. हे वाक्य असंच अपिलात लिहा, चांगलं लागतं. तो आकडा पिवळ्या पेनने हायलाईट करा, कारण समितीतले लोकही छपाईची तारीख आणि नोंदणीची तारीख यात गोंधळतात, तुम्ही मागच्या महिन्यात नवीन प्रत काढली असेल तर खाली २०२५ दिसतं आणि कोणीतरी म्हणतं "हा तर यावर्षीचा दाखला आहे".

जुनी हाताने लिहिलेली, लॅमिनेशन केलेली प्रत नका देऊ. काटोलला नगर परिषदेत जाऊन ताजी प्रत घ्या, एका दिवसाचं काम आहे, आणि तिथेच पोराच्या नावाचा रकाना बघा. हा फार नेहमीचा घोटाळा आहे. नोंद बारशाच्या आधी झालेली असते म्हणून बाळाच्या नावाची जागा कोरीच राहते, आईवडिलांची नावं असतात फक्त. मग समिती विचारते, हा दाखला याच पोराचा कशावरून? आणि हा प्रश्न चुकीचा नाही, कारण वय चोरायची सगळ्यात सोपी युक्ती हीच आहे, धाकट्या भावाचा बिननावाचा दाखला मोठ्याने वापरायचा. नाव नसेल तर नंतर घालता येतं, त्याला १५ वर्षांपर्यंतची मुदत असते आणि तुमचा पोरगा त्यात बसतो. पण आत्ता दहा दिवसांत ते होईल न होईल, तोवर दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, जे काय सापडेल ते जोडा. लसीकरणाचं कार्ड लोक फेकून देतात, पण त्याच्याइतका भोळा पुरावा नाही, दीड महिन्याचा डोस कधी दिला ते नर्सबाईने त्या दिवशी त्या पेनने लिहिलेलं असतं.

शाळेकडून नुसतं बोनाफाईड घेऊ नका. बोनाफाईड आजचं असतं. जनरल रजिस्टरचा उतारा मागा, म्हणजे दाखल-खारीज रजिस्टरमधली पोराची ओळ, प्रवेशाच्या तारखेसकट, आणि तोही पहिली किंवा केजीला जिथे घातलं त्या शाळेचा. पाचवीला शाळा बदलली असेल तर जुन्या शाळेत जाऊन आणा. रजिस्टरमधली जन्मतारीख शिक्षणाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही, म्हणून पहिलीच्या वेळी ९/२/२०१२ लिहिलं असेल आणि आजही तेच असेल तर ते दगडावरचं समजा. तिथे खाडाखोड असेल, व्हाईटनर असेल, तर आधी मुख्याध्यापकाशी बोला आणि मगच जोडा. खाडाखोड केलेला उतारा समितीसमोर गेला की बाकी सगळं पाण्यात.

आणि ताई, तुम्ही जाता जाता एक गोष्ट लिहिली ती तुमच्या लक्षातही नसेल आली. मोठी मुलगी जून २०१० ची. म्हणजे आधारवरची १ जानेवारी २०११ खरी धरली तर मुलगी झाल्यावर सहा-सात महिन्यांत मुलगा झाला. हे जवळजवळ अशक्यच आहे. मुलीचा जन्म दाखला जोडा, हा कागद कोणी आणत नाही आणि समितीला मात्र भावंडांच्या तारखा पाहायच्याच असतात, धाकट्याच्या दाखल्याची युक्ती पकडायला. पण यावर समोरचे सर हुशार असले तर म्हणतील, आधारवर १ जानेवारी म्हणजे अंदाजाने टाकलेला दिवस असतो, वर्ष मात्र २०११ च असणार, पोरगा २०११ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा असेल. तेव्हा गडबडून जाऊ नका. शांतपणे म्हणायचं, म्हणजे दिवस अंदाजाचा आहे हे तुम्हाला मान्य आहे, महिना अंदाजाचा आहे हेही मान्य आहे, मग त्याच माणसाने त्याच कॅम्पमध्ये टाकलेलं वर्ष तेवढं पक्कं कसं? याच्यावर फारसं उत्तर नसतं.

आधारबद्दल अजून एक. आधार देणाऱ्या यूआयडीएआयने स्वतःच डिसेंबर २०२३ च्या परिपत्रकात सांगितलं आहे की आधार ओळखीसाठी आहे, जन्मतारखेचा पुरावा नाही. आणि सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२४ मध्ये, अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात, मयताचं वय ठरवताना आधार बाजूला ठेवून शाळा सोडल्याचा दाखला धरला. या दोन गोष्टी दोन ओळीत लिहा, निकालाचे गठ्ठे जोडू नका. माहितीपत्रकात "आधार अनिवार्य" लिहिलं असेल तर ते घेऊन ते तुमच्यावर येतील. तिथे नीट वाचा, अनिवार्य कशासाठी? बहुतेक वेळा ओळखपत्र म्हणून असतं आणि वयाच्या पुराव्यासाठी वेगळी ओळ जन्म दाखल्याची असते. पण स्पष्ट लिहिलं असेल की जन्मतारीख आधारवरचीच धरली जाईल, तर मामला कठीण आहे हे आधीच सांगतो, मग तुम्हाला त्या नियमाविरुद्ध भांडावं लागतं आणि ते जिल्ह्याच्या पातळीवर सहसा जिंकता येत नाही.

आता आक्षेप कसा घेतला गेला तो मुद्दा, यात तुमचं बळ आहे. अ‍ॅथलेटिक्सचे आंतरराष्ट्रीय टेक्निकल रूल आहेत, त्यात आठवा नियम आक्षेप आणि अपिलाचा. तो म्हणतो की खेळाडूच्या पात्रतेबद्दलचा आक्षेप स्पर्धा सुरू व्हायच्या आधी टेक्निकल डेलिगेटकडे, म्हणजे स्पर्धेवर नेमलेल्या तांत्रिक अधिकाऱ्याकडे करायचा, त्यांच्या निर्णयावर ज्युरी ऑफ अपीलकडे, म्हणजे स्पर्धेच्या अपील समितीकडे जाता येतं, आणि स्पर्धेआधी समाधानकारक निकाल लागला नाही तर खेळाडूला "अंडर प्रोटेस्ट", म्हणजे आक्षेप कायम ठेवून, पळू द्यायचं आणि प्रकरण वर पाठवायचं. निकालाबद्दलचे आक्षेप अर्ध्या तासाच्या आत असतात ते वेगळे, लोक दोन्ही एकच समजतात. तुमच्या पोराचं नाव काढलं ते हीट झाल्यावर, म्हणजे आक्षेप आधीच उशिरा, आणि वाद मिटला नव्हता तर फायनल पळू द्यायला पाहिजे होती, वेळ नोंदवून मेडल रोखून ठेवायचं. माहितीपत्रकात "स्पर्धा वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स किंवा फेडरेशनच्या नियमांनुसार" अशी ओळ असते, ती शोधा आणि तिचा पान क्रमांक लिहा. ती ओळ नसेल तर हा नियम विनंती म्हणून मांडा, हक्क म्हणून नको.

तरीपण अपिलात हा मुद्दा पहिला ठेवू नका. वकील लोक नेमकं उलटं करतात. प्रक्रियेच्या मुद्द्यावर जिंकलात तर समिती म्हणते ठीक आहे, परत सुनावणी घेऊ, आणि दहा दिवस निघून जातात. आणि "उशिरा आक्षेप घेतला म्हणून सोडा" असं म्हणणारा माणूस आतून चोर वाटतो. आधी सांगा की पोरगा २०१२ चा आहे आणि हे घ्या पुरावे, मग सांगा की आम्हाला ऐकून न घेता काढलं, आणि मग आक्षेपाची वेळ.

बोन टेस्ट. इथे थांबून वाचा. डाव्या मनगटाचा आणि पंजाचा एक्स-रे काढतात, हाडांची टोकं कितपत जुळत आली ते पाहून त्याला गुण देतात, टॅनर-व्हाईटहाऊसची तिसरी पद्धत, क्रिकेट बोर्ड १६ वर्षांखालील मुलांना तीच वापरतं. ती पद्धत खोटी नाही, पण ती हाडांचं वय सांगते, कॅलेंडरचं नाही. लवकर वयात आलेल्या पोराची हाडं वर्षभर पुढे असणं अगदी सर्वसाधारण आहे, आणि १४ खालच्या गटात जो ६०० मीटर जिंकतो तो बऱ्याचदा लवकर वाढलेलाच असतो, मिसरूड फुटलेला, आवाज फुटलेला, म्हणून तर आक्षेप येतो. एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक पडू शकतो असं सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच जया माला प्रकरणात म्हटलं आहे. आता तुमचा वाद किती वर्षांचा आहे? आधारची तारीख आणि दाखल्याची तारीख यात फरक तेरा महिन्यांचा. ज्या तपासणीत वर्ष-दोन वर्षांची चूक येऊ शकते ती तेरा महिन्यांचा वाद कशी सोडवणार? उद्या हाडांचं वय साडेचौदा निघालं तर ते २०१२ च्या पोरालाही शक्य आहे आणि २०११ च्या पोरालाही. पण कागदावर तुमच्या हाताने साडेचौदा लिहून आणलेलं असेल आणि गट १४ खालचा आहे. समजलं ना?

म्हणून स्वतःहून खाजगी लॅबमध्ये जाऊन एक्स-रे काढू नका. पण "आम्ही टेस्ट करणारच नाही" असंही लिहू नका, नकार दिला की त्याचा अर्थ वाईट लावतात. असं लिहा की माहितीपत्रकात बोन टेस्टची तरतूद असेल तर नियम क्रमांक कळवावा, आणि जन्मानंतर लगेच नोंद झालेला दाखला उपलब्ध असताना तिची गरज का आहे त्याची कारणं लेखी द्यावीत, तरी समितीला आवश्यक वाटल्यास शासकीय रुग्णालयात, म्हणजे आपल्याकडे मेडिकल किंवा मेयोत, चुकीच्या मर्यादेसह अहवाल देण्याच्या अटीवर आमची तयारी आहे. बालन्याय कायद्यात, २०१५ च्या, कलम ९४ मध्ये हाच क्रम आहे, शाळेचा दाखला, तो नसेल तर नगर परिषदेचा जन्म दाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. तो कायदा खेळाच्या स्पर्धांना लागू नाही, तसं लिहूही नका, पण वय ठरवताना आधी कागद आणि शेवटी हाडं हा विचार समितीला त्यातून पटतो. एक अपवाद, असोसिएशनच्या नियमातच बोन टेस्ट अंतिम असं लिहिलेलं असेल आणि प्रवेशिकेवर शाळेने ते मान्य करून सही केली असेल, तर टेस्ट टाळता येणार नाही, मग निदान सरकारी दवाखाना आणि लेखी अहवाल एवढं तरी पदरात पाडून घ्या.

अपील दोन पानांच्या वर नको. मजकूर साधारण असा ठेवा, तुमच्या तारखा घाला:

"आमच्या शाळेचा इयत्ता ८ वी चा विद्यार्थी यास १४ वर्षांखालील ६०० मीटर स्पर्धेतून वयाच्या कारणावरून बाद करण्यात आले. त्याची जन्मतारीख ९ फेब्रुवारी २०१२ असून तिची नोंद काटोल नगर परिषदेत दि. ___ रोजी झालेली आहे. इयत्ता पहिलीच्या प्रवेशावेळी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये हीच तारीख नोंदवलेली आहे. आधार कार्डवरील ०१/०१/२०११ ही तारीख चुकीची असून, त्याच्या मोठ्या बहिणीचा जन्म जून २०१० मधील असल्याने ती जवळजवळ अशक्यही आहे. निर्णयापूर्वी शाळेस अथवा पालकांस म्हणणे मांडण्याची संधी देण्यात आली नाही."

आणि शेवटी मागणी. इथे लोक नुसतं "न्याय मिळावा" लिहितात. न्याय म्हणजे काय ते समितीने ठरवायचं का? तुम्ही लिहा. बाद केल्याचा निर्णय रद्द करावा. हीटमधली त्याची वेळ अधिकृत निकालात परत घ्यावी. जिल्हा संघाच्या निवडीसाठी त्याचा विचार करावा, आणि अपिलाचा निकाल दहा दिवसांत लागणार नसेल तर तोवर त्याचं नाव संघात तात्पुरतं, अंडर प्रोटेस्ट, ठेवावं. त्याच्यावर बंदी किंवा वयचोरीचा शेरा लावू नये. फायनल परत घ्या असं मात्र मागू नका. आठ पोरांना परत बोलावून फायनल कोणी घेत नाही, आणि ज्या पोराला गोल्ड मिळालं त्याचा यात काय दोष? ते मेडल मागितलं की त्या शाळेचं सगळं बळ तुमच्याविरुद्ध उभं राहतं. तुम्हाला संघात जागा हवी आहे, तीच मागा. तात्पुरती मागणी वेगळ्या परिच्छेदात, ठळक, पहिल्याच पानावर, कारण वेळ तिचीच कमी आहे.

अपिलाची फी माहितीपत्रकात असेल ती अर्जासोबतच भरा आणि पावती घ्या. फी नाही म्हणून चांगली चांगली अपिलं पडलेली आहेत.

सुनावणीला बोलावलं तर मुख्याध्यापक किंवा क्रीडा शिक्षक, तुम्ही आणि मूळ कागद, एवढंच. पोराला आत नेऊ नका, बाहेर बसवा. समितीतला कोणीतरी त्याला विचारतो, बेटा तू पहिलीत होतास तेव्हा किती वर्षांचा होतास, आणि पोरगं घाबरून काहीतरी सांगतं. आणि वरून त्याच्याकडे पाहून "हा तर मोठा दिसते" हा शेरा येतोच. प्रश्न तुम्हाला येईल तो एकच, आधारवर ही तारीख आली कशी? याचं उत्तर आधी ठरवून ठेवा आणि खरं तेच सांगा. कॅम्पला कोण घेऊन गेलं होतं, तेव्हा जन्म दाखला नेला होता की नुसतं तोंडी सांगितलं, नावनोंदणीची पावती आहे का. आजोबा घेऊन गेले आणि अंदाजाने सांगितलं असेल तर तसंच सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, तेव्हाच्या कॅम्पमध्ये हे ढिगाने झालंय. फक्त तुम्ही एक सांगणार आणि पोराचे बाबा दुसरं, असं नको.

अपील फेटाळलं तर पुढे राज्य संघटना, तिच्या घटनेत अपिलाची तरतूद असते. जिल्हा असोसिएशनची घटना देत नसतील तर ती नोंदणीकृत संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून नक्कल मिळते, पण त्याला दिवस लागतात. हायकोर्टाचं खंडपीठ आपल्याकडे सिव्हिल लाइन्सलाच आहे आणि तातडीची रिट होते, पण खाजगी असोसिएशनविरुद्ध रिट चालते की नाही यावरच पहिली तारीख जाते, खर्च वेगळा. आठवीच्या पोरासाठी मी तो रस्ता तेव्हाच सुचवीन जेव्हा बंदी लावली असेल. नुसता एक संघ हुकला यासाठी नाही.

आणि एक खुलासा, कारण खूप लोक यात चुकतात. ही असोसिएशनची स्पर्धा होती. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय घेतं त्या शासनाच्या शालेय स्पर्धा वेगळ्या, त्यांचं अपील जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे आणि मग विभागीय उपसंचालकांकडे जातं. असोसिएशनच्या निकालाची तक्रार घेऊन मानकापूरला गेलात तर ते म्हणतील आमचा संबंध नाही, आणि ते बरोबर आहे. पण त्याचा फायदाही आहे, इथे बाद झाला म्हणून तिकडच्या शालेय स्पर्धेत तो आपोआप बाद होत नाही. तिकडची प्रवेशिका भरायची राहिली असेल तर जन्म दाखला आणि जनरल रजिस्टरच्या उताऱ्यासकट आत्ताच भरायला लावा. फॉर्ममध्ये जन्मतारीख ऑनलाईन आधारवरून आपोआप येत असेल तर क्रीडा शिक्षकांना सबमिट करायच्या आधी ती तपासायला सांगा.

आज गुरुवार-शुक्रवार जे काय असेल, काटोलचं काम आधी करा, सरकारी ऑफिस शनिवार-रविवारी बंद. नोंदणीची तारीख पाहून इथे खाली लिहा. ती २०१२ ची असेल तर वर सांगितलं तसं जा. ती २०१८-१९ ची वगैरे निघाली तर थांबा, अपील देऊ नका, त्याला वेगळ्या पद्धतीने लिहावं लागेल, उशिराच्या नोंदींवर आता सगळीकडेच बारीक लक्ष आहे, मग आपल्याला दवाखान्याचं मूळ रजिस्टर शोधावं लागेल.